“आमच्याकडे आतला एक चांगला मुलगा आहे...”

प्लेसमेंटच्या तयारीत आपण सगळं पाठ करतो. स्वतःबद्दल सांगा, तुमचे वीक पॉइंट कोणते, पाच वर्षांनी कुठे असाल, वगैरे वगैरे. पण एक वाक्य असं आहे की त्याची तयारी कुणीच करून जात नाही. इंटरव्ह्यू बरा चाललेला असतो, पॅनलमधले सिनियर साहेब फाइल मिटवतात आणि शांतपणे म्हणतात, “खरं सांगायचं तर या पोस्टसाठी आमच्याकडे आतला एक चांगला मुलगा आहे.”

झालं! इथे आपल्यापैकी निम्मे लोक “ओके सर, थँक्यू सर” म्हणून उठतात आणि उरलेले “सर, पण मी खूप हार्डवर्किंग आहे” असं सुरू करतात. दोन्ही उत्तरांनी काही होत नाही. मग या वाक्यावर नेमकं काय बोलायचं, आणि बोलण्याआधी काय समजून घ्यायचं, यासाठी हा लेख. कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या आयटी कंपन्यांसाठी याचा उपयोग नाही, कारण तिथे शेकड्याने भरती असते आणि आतला-बाहेरचा हा प्रश्नच येत नाही. मी लिहितोय ते कारखान्यांबद्दल, जिथे एकच जागा असते, एकच साहेब निवडतो आणि जे आपल्या कडेगाव, पलूस, विटा, कराड पट्ट्यातल्या मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांच्या वाट्याला जास्त येतात.

हा ‘आतला’ कोण असतो?

ऑफिसमधला आतला म्हणजे प्रमोशन मागणारा जुना माणूस. पण फ्रेशरच्या जागेसाठी आतला म्हणजे बहुतेक वेळा अप्रेंटिस. डिग्री किंवा डिप्लोमा झाल्यावर त्याच कारखान्यात एक वर्ष स्टायपेंडवर काम केलेला, आपल्याच वयाचा मुलगा. साहेब त्याला नावाने हाक मारतात, कँटीनवाल्याला त्याचा चहा माहीत असतो, आणि मुख्य म्हणजे कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे त्याला माहीत असतं.

त्याच्या बाजूने कायदा काय म्हणतो तेही बघू, कारण यावर हॉस्टेलमध्ये फार गैरसमज आहेत. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्याच्या २२ व्या कलमात मालकाने अप्रेंटिसला नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन नव्हतं, करारात तशी अट असेल तरच. २०१४ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली आणि अप्रेंटिसला नोकरीत घेण्याबद्दल प्रत्येक मालकाने आपापलं धोरण ठरवावं असं आलं. म्हणजे खाजगी कारखान्यात त्या मुलाची जागा ‘पक्की’ नसते, ती त्या कारखान्याच्या धोरणावर असते.

सरकारी महामंडळांबाबत १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या खटल्यातला. कोर्टाने सांगितलं की बाकी सगळं समान असेल, तर बाहेरून थेट भरती होणाऱ्यापेक्षा ट्रेनिंग पूर्ण केलेल्या अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं.

यातले पहिले चार शब्द परत वाचा. बाकी सगळं समान असेल तर. हा निकाल खाजगी कारखान्याला जसाच्या तसा लागू होत नाही, पण साहेबाच्या डोक्यात नेमकं हेच गणित चालू असतं. तुम्ही आणि तो सारखेच असाल तर तो. त्याने वर्ष घालवलंय, आणि सारखेपणा असताना त्याला डावलणं बरोबरही नाही. म्हणून बाहेरच्याला ‘मी त्याच्याइतकाच चांगला आहे’ हे सिद्ध करून काहीच मिळत नाही. तसं सिद्ध केलं तरी तो हरतो! त्या कामाला लागणाऱ्या एखाद्या गोष्टीत ‘समान नाही’ हे दाखवावं लागतं, आणि ती गोष्ट कोणती हे बाहेर बसून कळत नाही. ते विचारावं लागतं.

साहेबाला भीती कशाची?

अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूलचे मॅथ्यू बिडवेल यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका इन्व्हेस्टमेंट बँकेत त्याच पदावर बढतीने आलेले आणि बाहेरून घेतलेले लोक त्यांनी ताडून पाहिले. बाहेरून आलेल्यांना पगार सुमारे १८ टक्के जास्त मिळत होता, तरी पहिली दोन वर्षं त्यांच्या कामाचे शेरे आतल्यांपेक्षा खाली होते. त्यांना काढून टाकलं जाण्याचं प्रमाणही जास्त आणि स्वतःहून सोडून जाण्याचंही जास्त. गंमत म्हणजे कागदावर हेच बाहेरचे लोक सरस होते. त्यांचं शिक्षण जास्त होतं आणि अनुभवही जास्त होता. आणि जे टिकले, त्यांना पुढची बढती लवकर मिळाली.

बँक वेगळी, आपला वर्कशॉप वेगळा, आणि फ्रेशरला कुणी १८ टक्के जास्त देणार नाही हे मला माहीत आहे. पण कारण दोन्हीकडे लागू होतं. आतल्याचं काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तो सकाळी किती वाजता येतो, मशीन बंद पडल्यावर काय करतो, चूक झाल्यावर लपवतो की सांगतो, हे साहेबाला ठाऊक असतं. बाहेरच्याबद्दल त्याच्याकडे मार्कशीट आणि बायोडेटा एवढंच, म्हणून तो मार्कशीटला नाइलाजाने जास्त वजन देतो. आणि घेतल्यावर सहा-सात महिने त्याला इथली पद्धत शिकण्यात जातात. त्यातच पुण्याहून फोन आला की हा गेला!

म्हणजे “आतला चांगला मुलगा आहे” या वाक्याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो, की तुझ्याबद्दल मला माहीत नाही आणि त्याच्याबद्दल मला माहीत आहे, तर हे अंतर तू कसं भरणार ते सांग. हा अपमान नाही. जागा खरंच ठरलेली असती तर हे सांगायचं कष्टही बरेच साहेब घेत नाहीत.

मग काय विचारायचं

इंग्रजी गाइडमध्ये याचं एक तयार उत्तर मिळतं. बाहेरच्या उमेदवाराने काय केलं तर तो उठून दिसेल, असं हसून विचारा. मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे हे वाक्य इंग्रजीत मला फार गुळगुळीत जमतं आणि म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास नाही. कारण गुळगुळीत प्रश्नाला गुळगुळीत उत्तर येतं. “पॉझिटिव्ह अॅटिट्यूड हवा, टीमवर्क हवं.” घ्या आता! यातून तुम्ही काय करणार?

प्रश्नाचा रोख आपल्यावरून काढून कामावर न्यायला हवा. माझ्या मते सगळ्यात उपयोगी धागा हा आहे, की आतला चांगला मुलगा असताना त्यांनी बाहेर जाहिरात का दिली? त्याला काहीतरी कारण असतं. कधी तो नियम असतो, कधी दोन जागा असतात, पण बऱ्याचदा त्या आतल्या मुलात एखादी गोष्ट कमी असते आणि साहेबाला ती जाणवलेली असते. तेच हळूच विचारायचं, त्या मुलाला कमी न लेखता.

“सर, तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. ज्याने इथे वर्षभर काम केलंय त्याला इथलं माझ्यापेक्षा जास्त माहीत असणारच. मला एवढंच विचारायचं होतं, या पोस्टवर पहिल्या सहा महिन्यांत असं कुठलं काम येणार आहे, ज्याच्यासाठी तुम्हाला बाहेरचे उमेदवारही बघावेसे वाटले?”

मोजून तीन वाक्यं. पहिल्यात कुरकुर नाही, दुसऱ्यात आतल्याचं मोठेपण मान्य केलंय आणि तिसऱ्यात ‘पहिल्या सहा महिन्यांत’ आणि ‘काम’ हे शब्द आहेत. हे दोन शब्द महत्त्वाचे. ‘गुण कोणते हवेत’ विचारलं की साहेब विशेषणं देतात. काम विचारलं की मशीनचं नाव, गावाचं नाव, गिऱ्हाइकाची तक्रार असं काहीतरी हाताला लागतं.

विचारल्यावर गप्प बसायचं. हे अवघड आहे, पण पाच सेकंद शांतता राहिली तर आपण ती भरून काढायची नाही.

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा, आपल्या भागातला शेतीचे पंप बनवणारा एक कारखाना आहे. (किर्लोस्करवाडीमुळे पंप हा आपल्याकडे घरचाच विषय, आणि ताकारी-टेंभूचं पाणी आल्यापासून तर जास्तच.) जागा सर्व्हिस इंजिनियरची. आतल्या मुलाने वर्षभर टेस्ट बेडवर काम केलंय. आपला उमेदवार बाहेरचा, त्याच्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये त्याने गावातल्या सहा विहिरींवरच्या पंपांची मापं घेतलीत.

वरचा प्रश्न विचारल्यावर साहेब थोडा विचार करून म्हणतात, “आमचा पंप इथे टेस्टला व्यवस्थित पास होतो. शेतकऱ्याकडे गेला की तक्रार येते, मोटर तापते, जळते. आमची पोरं जातात, मोटर बदलून येतात. परत तीन महिन्यांनी तेच.”

हे ऐकलं की बाहेरच्याला दार कुठे आहे ते कळायला हवं. आतल्या मुलाने पंप टेस्ट बेडवर पाहिलाय. तिथे पाणी स्वच्छ, पाइप आखूड, व्हॉल्व्ह आपल्या हातात आणि हेड हवा तो लावता येतो. विहिरीवर हेड विहीर ठरवते. बाहेरच्याने तोच पंप विहिरीवर पाहिलाय. इथे ‘समान नाही’.

आता उत्तर. यात प्रोजेक्टचं नाव, गाइडचं नाव, बक्षीस मिळालं की नाही हे काही नको. एक विहीर घ्यायची आणि सांगायची.

“सर, मी मोजलेल्या एका विहिरीवर दहा हॉर्सपॉवरचा पंप होता, नेमप्लेटवर हेड ३२ मीटर. डिलिव्हरीच्या गेजवर मला १८ मीटर मिळाले आणि सक्शनच्या व्हॅक्युम गेजवर ५ मीटर, म्हणजे खरं हेड साधारण २३. दोन हजार लिटरची टाकी १०० सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला २० लिटर. नेमप्लेटवर १३ होते. पाणी जास्त पडतंय म्हणून शेतकरी खूश होता, पण मोटर ९.७ किलोवॅट ओढत होती. दुकानदाराने ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून जास्त हेडचा पंप दिला होता. मोटर खराब नव्हती, निवड चुकली होती.”

हे गणित बरोबर आहे का ते आपण इथे तपासू, कारण पॅनलवर कुणीतरी ते तपासणारच.

```
पाण्याची पॉवर = 9.81 × Q × H
              = 9.81 × 0.020 × 23 = 4.5 kW
मोटरचं इनपुट  = 1.732 × 400 V × 16.5 A × 0.85
              = 9.7 kW
एकूण कार्यक्षमता = 4.5 / 9.7 = 46 %
```

दहा हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे शाफ्टवर ७.५ किलोवॅट. मोटरची कार्यक्षमता ८६ टक्के धरली तर पूर्ण लोडला तिने ८.७ च्या आसपास ओढायला हवं. इथे ९.७ ओढतेय, म्हणजे शाफ्टवर साधारण ८.३ किलोवॅट, अकरा हॉर्सपॉवरच्या वर. अशी मोटर रोज आठ तास चालली तर तापणारच, आणि नवीन बसवली तरी तीही तापणार. सेंट्रिफ्युगल पंपाचं हे वैशिष्ट्य आहे, की हेड कमी पडलं की डिस्चार्ज वाढतो आणि त्याबरोबर मोटरवरचा लोडही वाढतो. सेकंड इयरला आपण हे कर्व्ह काढतो आणि सबमिशन झालं की विसरतो.

साहेबांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “मग तू काय केलं असतंस?” इथे फुगवून सांगायचं नाही. “तात्पुरतं म्हणून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून अँपिअर नेमप्लेटच्या आत आणले असते. कायमचं म्हणजे इम्पेलर टर्न करून व्यास कमी करणं किंवा कमी हेडचा पंप देणं. पण किती मिलिमीटर काढायचा हे तुमच्या मॉडेलचे कर्व्ह बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. ते टेस्ट बेडवरच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.”

हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. एक तर ते खरं आहे. दुसरं म्हणजे त्यात आतल्या मुलाशी भांडण नाही, उलट दोघे मिळून काम कसं करतील याचं चित्र साहेबासमोर येतं. कधी कधी यातूनच दुसरी जागा निघते, पण त्यावर विसंबू नये.

मापाच्या मर्यादाही स्वतःहून सांगाव्यात. टाकी आणि स्टॉपवॉचने घेतलेल्या डिस्चार्जमध्ये चूक असते, पॉवर फॅक्टर जर ०.८५ धरलेला असेल, मोजलेला नसेल, तर तसं सांगायचं. दोन गेजच्या उंचीतला फरक हेडमध्ये धरला नसेल तर तेही. साहेब लोक व्हायवा घेणाऱ्या एक्स्टर्नलसारखे नसतात, त्यांना आकडा किती पक्का आहे हे माहीत असलेला माणूस हवा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, न मोजलेला आकडा सांगायचा नाही. पंपवाल्यासमोर “कार्यक्षमता ८५ टक्के होती” म्हणालात, तर विहिरीवरचा असा पंपसेट त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेला नसतो. इंटरव्ह्यू तिथेच संपतो.

उत्तर धूसर आलं तर?

प्रत्येक साहेब इतका मोकळा बोलत नाही. कधी उत्तर येतं, “तसं काही खास नाही, बघू.” मग एकदाच, फक्त एकदाच, प्रश्न लहान करून विचारावा. “सर, या जागेवर आधी जे होते, त्यांचा जास्त वेळ कशात जायचा?” याला उत्तर देणं सोपं असतं आणि त्यातूनही काम कळतं. प्रवास जास्त, रिपोर्ट इंग्रजीत लिहावे लागतात, ड्रॉइंग करून द्यावं लागतं, असं काहीतरी येतं. त्यातलं जे तुम्ही खरंच केलंय त्याचं एक उदाहरण द्यायचं. नसेल केलं तर “हे मी केलेलं नाही” म्हणायचं आणि जे सगळ्यात जवळचं आहे ते सांगायचं.

यालाही “बघू” आलं, घड्याळाकडे नजर गेली, पगार, जॉइनिंगची तारीख, राहायची सोय यातलं काहीही कुणी विचारलं नाही आणि टेक्निकल प्रश्न दोन मिनिटांत आटपले, तर बहुधा ती औपचारिकता होती. यातली एकच खूण दिसली तर धरू नका, साहेबाला मीटिंगही असू शकते. सगळ्या एकदम दिसल्या तर नीट नमस्कार करून यावं आणि संध्याकाळी पुढच्या अर्जाला लागावं. “जागा आधीच भरलीय का?” हे मात्र विचारू नये. भरली असेल तर कुणी हो म्हणत नाही, आणि भरली नसेल तर आपण साहेबावर आरोप केल्यासारखं होतं.

आणखी एक गोष्ट कटाक्षाने टाळायची. आतल्या मुलाबद्दल चौकशी. तो कुठल्या कॉलेजचा, त्याला किती टक्के, त्याची कुणाशी ओळख आहे का. आपल्या भागात ओळखी सगळ्यांच्याच असतात, आपल्याही असतात. त्याची माहिती काढून आपली जागा पुढे सरकत नाही. “मी कमी पगारात करीन” हेही नको. अप्रेंटिस आधीच स्टायपेंडवर आहे, तुम्ही त्याच्यापेक्षा स्वस्त पडणार नाही. आणि घासाघीस करणारा माणूस सहा महिन्यांत सोडून जाईल ही शंका मात्र वाढते.

सोडून जाण्यावरून आठवलं. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी हा मुद्दा स्वतः काढावा. मी कडेगावचा आहे, घर इथून पंधरा किलोमीटरवर आहे, किंवा मी लातूरचा आहे पण चार वर्षं इथेच काढलीत, असं जे खरं असेल ते एका वाक्यात. वर सांगितलेल्या अभ्यासातली साहेबाची अर्धी भीती हीच आहे. दोन-तीन वर्षं राहायचा विचार नसेल तर मात्र खोटं बोलू नका, पुढच्या बॅचला त्या कारखान्यात उभं करत नाहीत.

संध्याकाळची मेल

तोंडी सांगितलेलं रात्रीपर्यंत पुसट होतं. पॅनलने दिवसभरात आठ-दहा जण बघितलेले असतात. आतल्या मुलाचं तसं नाही, तो उद्या परत समोर दिसणार आहे! म्हणून त्याच संध्याकाळी एक मेल आणि सोबत एक पानाचा कागद जायला हवा. मेल इंग्रजीत जाईल, पण आधी आपल्या भाषेत लिहून बघावी, म्हणजे त्यातला फापटपसारा दिसतो. साधारण अशी:

“आदरणीय सर, आज सर्व्हिस इंजिनियरच्या जागेसाठी आपली भेट झाली. पंप टेस्टला पास होऊनही शेतावर मोटर जळते, ही अडचण आपण सांगितलीत. मी मोजलेल्या सहा विहिरींचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यात नेमप्लेटचं हेड, प्रत्यक्ष हेड, डिस्चार्ज आणि अँपिअर आहेत. पॉवर फॅक्टर मोजलेला नाही, ०.८५ धरला आहे. सहापैकी चार ठिकाणी प्रत्यक्ष हेड नेमप्लेटपेक्षा बरंच कमी आहे. आपल्या सर्व्हिसच्या मुलांनी मोटर बदलण्याआधी दोन गेज आणि अँपिअरची नोंद घेतली तर कारण तिथेच कळू शकेल, असं वाटतं. आपल्या मॉडेलला हे कितपत लागू आहे ते आपणच सांगू शकाल. आपला विश्वासू.”

यात ‘मला निवडा’ कुठेही नाही. थँक्यू सुद्धा वेगळं नाही, आणि नसलं तरी चालतं असं माझं मत आहे. (आमच्या एका मॅडमचं मत उलट आहे, त्यांनी हा लेख वाचल्यावर लाल पेनने ‘आभार लिहावेत’ असं लिहिलंय. एक ओळ लिहा, वाद नको.) कागद एका पानाचाच. पन्नास पानी प्रोजेक्ट रिपोर्ट जोडला की तो कुणी उघडत नाही. शेतकऱ्यांची नावं काढून टाका, विहीर एक, विहीर दोन असं लिहा.

पंपाच्या जागी तुमचं काम असेल ते घाला. साखर कारखान्यात बॉयलरची जागा असेल तर बगॅसचा ओलावा, सूतगिरणीत असेल तर विजेचं बिल. पण तक्ता स्वतः मोजलेला हवा. तो इंटरव्ह्यूच्या दिवशी तयार होत नाही, म्हणून प्रोजेक्टचा विषय निवडताना गेज लावता येईल असा निवडा. सिम्युलेशनचे रंगीत फोटो आतल्या मुलाच्या वर्षभरापुढे टिकत नाहीत.

आणि तरीही त्यालाच घेतलं तर

घेतीलच, पुष्कळ वेळा. उत्तर कितीही चांगलं दिलं तरी त्याने वर्षभर दिलंय आणि सगळं समान नसलं तरी तुमच्याकडचा फरक त्यांना तेवढा मोठा वाटला नसेल. उलटही होतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, म्हणजे ते आतलेच. बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियनला दिली गेली. ते नोकरी सोडून बेळगावला आले आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हा आतला असणं म्हणजे हमी नव्हे, हे आपल्या शेजारच्याच गावाला विचारावं.

नकाराचा निरोप आला की एक छोटं उत्तर पाठवावं आणि त्यात एकच गोष्ट विचारावी, की पुढच्या बॅचला अप्रेंटिस घेणार आहात का. डिग्री, डिप्लोमावाल्यांची अप्रेंटिसशिप नॅट्स योजनेतून होते आणि आपल्या भागाचं काम मुंबईचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं. नाव पोर्टलवर आधी नोंदवलेलं असेल तर कारखान्याने हो म्हटल्यावर वेळ जात नाही. मात्र जॉइन होताना त्या कारखान्याचं अप्रेंटिसला नोकरीत घेण्याचं धोरण काय आहे, ते एचआरला विचारून घ्या, कारण २०१४ पासून ते ठरवणं त्यांचं काम आहे. गेल्या दोन बॅचमधले किती जण कायम झाले हेही विचारा. आकडा सांगायला ते टाळाटाळ करायला लागले तर कँटीनमध्ये विचारा, तिथे कळतं.